कँडल कशी वाचायची? ओपन, हाय, लो, क्लोजबद्दल नाशिकच्या नव्या ट्रेडर्सचे नेहमीचे प्रश्न

नाशिकमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही काही जण चहाला भेटतो आणि आठवड्याचे चार्ट उघडून बसतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले, पिंपळगावचे द्राक्षवाले, एक-दोन निवृत्त शिक्षक, कॉलेजची दोन-तीन मुलं. नवा माणूस आला की तेच ते प्रश्न येतात, आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवरही तेच. त्यातले निवडक इथे उत्तरांसह ठेवले आहेत. पॅटर्नची नावं पाठ करायची असतील तर ती इथे फारशी नाहीत. हे चार आकडे कुठून येतात आणि कुठे फसवतात, एवढ्यावरच भर आहे. आकड्यांची उदाहरणं समजावण्यासाठी रचलेली आहेत. एका ठिकाणी निफ्टीचे खरे आकडे आहेत, तिथे तसं लिहिलं आहे.

1. एका कँडलमध्ये चार भाव कुठे असतात? मला तर फक्त एक ठोकळा आणि दोन काड्या दिसतात.

ठोकळ्याला बॉडी म्हणतात. तिचं एक टोक ओपन आणि दुसरं क्लोज. वरच्या काडीचं टोक म्हणजे हाय, खालच्या काडीचं टोक म्हणजे लो. काड्यांना कोणी विक म्हणतं, कोणी शॅडो. आमच्या गटात सरळ ‘वात’ म्हणतात, कारण मेणबत्तीला वातच असते.

क्लोज ओपनच्या वर असेल तर कँडल हिरवी, खाली असेल तर लाल. हिरव्या कँडलमध्ये ओपन खाली असतो, लाल कँडलमध्ये वर. पहिले काही दिवस इथेच गोंधळ होतो. रंग हा फक्त रिवाज आहे. चीन-जपानमध्ये लाल म्हणजे तेजी, म्हणून एखादा परदेशी चार्ट उघडला आणि सगळं उलटं दिसलं तर घाबरू नका, आधी सेटिंग पाहा.

एक कँडल म्हणजे ठरावीक वेळेतले सौदे. पाच मिनिटांच्या चार्टवर ती पाच मिनिटांची, डेली चार्टवर पूर्ण दिवसाची.

2. लासलगावच्या कांद्याच्या भावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण लिहितात. लो आणि हाय म्हणजे तेच ना?

दिसायला तेच, अर्थ वेगळा. बाजार समितीच्या पत्रकात किमान आणि कमाल भावातला फरक बहुतेक मालाच्या प्रतीमुळे पडतो. एका ट्रॉलीत गोल्टी असते, दुसरीत चांगला उन्हाळी कांदा. दोघांचा लिलाव दहा मिनिटांच्या अंतराने झाला तरी भाव वेगळाच राहणार.

शेअरमध्ये प्रत नसते. कंपनीचा एक शेअर दुसऱ्या शेअरसारखाच. म्हणून लो आणि हाय यांतला फरक पूर्णपणे वेळेचा असतो: तोच माल दिवसात कोणी किती स्वस्त विकला आणि कोणी किती महाग घेतला. आणि पत्रकात जे सापडत नाही ते कँडलमध्ये मिळतं, ते म्हणजे सुरुवात आणि शेवट. सकाळी पहिल्या ट्रॉलीला काय भाव निघाला आणि संध्याकाळी शेवटच्या ट्रॉलीला काय, हे पत्रकावरून कळत नाही. म्हणून दिवसभरात बाजार चढत गेला की उतरत गेला, तेही कळत नाही. कँडलमध्ये नेमकं तेच बॉडी सांगते.

3. ओपन म्हणजे सव्वानऊचा पहिला सौदा, बरोबर?

बहुतेक वेळा नाही. एनएसईवर सकाळी 9 ते 9:15 प्री-ओपन सत्र असतं. पहिल्या काही मिनिटांत ऑर्डर गोळा होतात, मग ज्या एका भावाला जास्तीत जास्त शेअरचा सौदा जुळतो तो भाव ठरतो आणि त्याच भावाने ते सगळे सौदे होतात. दिवसाचा ओपन म्हणजे हा भाव. 9:15 ला नेहमीचा बाजार सुरू होतो, तिथला पहिला सौदा थोडा वर-खाली होऊ शकतो. प्री-ओपनमध्ये भाव ठरलाच नाही, तर मात्र नेहमीच्या बाजारातला पहिला सौदा हाच ओपन.

म्हणूनच काही अ‍ॅपवर डेली कँडलचा ओपन आणि पाच मिनिटांच्या पहिल्या कँडलचा ओपन जुळत नाही. चूक कोणाचीच नसते. एक लिलावाचा भाव आहे, दुसरा चालू बाजाराचा.

हंगामातल्या पहिल्या लिलावात मुहूर्ताचा भाव निघतो, तो बाजाराचा भाव असतोच असं नाही. तसंच इथे. रात्रभर साठलेल्या बातम्या, परदेशी बाजार आणि काल संध्याकाळी घातलेल्या ऑर्डर हे सगळं ओपनमध्ये एकदम ओतलं जातं. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये तर दोन-चार उतावळ्या ऑर्डरही तो हलवू शकतात.

4. क्लोज तरी साडेतीनचा शेवटचा भाव असतो ना? मी 255 ला शेवटचा सौदा पाहिला, रात्री अ‍ॅपवर क्लोज 251 दिसतोय!

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा आला आहे, म्हणून जरा सविस्तर.

एनएसईवर वर्षानुवर्षे चालत आलेली पद्धत अशी: शेअरचा क्लोज म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. 3 ते 3:30 या अर्ध्या तासात झालेल्या सगळ्या सौद्यांची, संख्येनुसार वजन देऊन काढलेली सरासरी म्हणजे क्लोज. त्या अर्ध्या तासात एकही सौदा झाला नाही तर शेवटचा झालेला सौदा धरतात. (असे नियम एक्स्चेंज बदलू शकतं, म्हणून अधूनमधून परिपत्रकांवर नजर ठेवा.)

तुमचं उदाहरण मांडून पाहू. समजा त्या अर्ध्या तासात 250 च्या भावाने 40,000 शेअर फिरले आणि अगदी शेवटी कोणीतरी जोर लावून 255 ने 10,000 शेअर घेतले. 40,000 × 250 म्हणजे 1 कोटी रुपये. 10,000 × 255 म्हणजे 25 लाख 50 हजार. बेरीज 1 कोटी 25 लाख 50 हजार, तिला 50,000 शेअरने भागलं की 251. शेवटच्या क्षणी कोणी भाव ओढला तरी क्लोज फारसा हलू नये, हाच या पद्धतीचा फायदा.

आता गंमत पाहा. त्या दिवशी ओपन 252 होता असं धरा. साडेतीनला स्क्रीनवर 255 होतं, म्हणून डेली कँडल हिरवी दिसली. नंतर अधिकृत क्लोज 251 आला आणि तीच कँडल लाल झाली. चार्टवाल्याने काही लबाडी केलेली नाही. बाजार चालू असताना डेली कँडल शेवटच्या सौद्याचा भाव, म्हणजे एलटीपी, क्लोज म्हणून दाखवत राहते आणि नंतर त्या जागी अधिकृत आकडा बसतो. पाच मिनिटांच्या शेवटच्या कँडलचा क्लोज मात्र 255 च राहतो.

दुसऱ्या दिवशी शेअर 253 ला उघडला. अ‍ॅप म्हणतं 0.8 टक्के वर, कारण ते 251 शी तुलना करतं. तुमच्या डोक्यात 255 आहे, म्हणून तुम्हाला वाटतं खाली उघडला. पाच मिनिटांच्या चार्टवर तर गॅप डाउनच दिसेल. दोन्ही खरं आहे, फक्त कशाशी तुलना करतोय ते माहीत हवं.

निफ्टीचंही असंच आहे. त्यातल्या शेअरच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवरून निर्देशांकाचा क्लोज निघतो, म्हणून 3:30 चा आकडा आणि नंतरचा आकडा यांत फरक पडतो.

5. कँडल लाल आहे, पण अ‍ॅपवर शेअर 2 टक्के वर दिसतोय. असं कसं?

कँडलचा रंग आजचा ओपन आणि आजचा क्लोज यांच्यातून येतो. टक्केवारी कालच्या क्लोजशी मोजतात. कालचा क्लोज 400, आज ओपन 412, क्लोज 408. कालपेक्षा 8 रुपये वर म्हणून 2 टक्के हिरवे. सकाळपासून 4 रुपये खाली म्हणून कँडल लाल.

काल ज्याच्याकडे शेअर होता तो आज खूश आहे, आणि आज सकाळी गॅप पाहून ज्याने घेतला तो तोट्यात. एकाच दिवसाच्या या दोन गोष्टी आहेत, आणि मला वाटतं नव्या माणसाने दुसरी आधी वाचावी, कारण गॅप पाहून धावणारा बहुतेक वेळा तोच असतो.

6. कँडल पाहून कळतं का, की आधी हाय लागला की आधी लो?

नाही, कळत नाही. याचा फटका बसेपर्यंत बहुतेकांना हे जाणवतसुद्धा नाही.

समजा एका दिवसाची कँडल अशी: ओपन 500, हाय 512, लो 490, क्लोज 508. हिरवी बॉडी आठ रुपयांची, वरची वात चार रुपयांची, खालची दहा रुपयांची. तुम्ही 500 ला घेतलंत, स्टॉप लॉस 494 ला, टार्गेट 510 ला.

पहिली शक्यता: शेअर दहा वाजता 490 पर्यंत घसरला, दुपारी 512 ला गेला, 508 ला बंद झाला. तुमचा स्टॉप लॉस सकाळीच उडाला आणि शेअरमागे सहा रुपये गेले. दुपारी तुम्ही टार्गेट लागताना नुसतं बघत बसलात.

दुसरी शक्यता: शेअर पावणेदहाला 512 ला गेला, तुमचं 510 चं टार्गेट लागलं, दहा रुपये मिळाले. मग एक वाजता तो 490 पर्यंत आला आणि शेवटी 508 ला बंद झाला. तेव्हा तुम्ही बाहेरच होता.

डेली चार्टवर दोन्ही दिवस हुबेहूब सारखे दिसतात. म्हणून कोणी नुसत्या डेली कँडलवरून ‘माझ्या पद्धतीने गेल्या वर्षी इतके टक्के मिळाले असते’ असं मांडत असेल, तर त्याला एवढंच विचारा: ज्या दिवशी स्टॉप आणि टार्गेट दोन्ही कँडलच्या आत होते, ते दिवस कसे मोजले? आमच्या गटातल्या एकाने वहीत असे सगळे दिवस नफ्यात धरले होते. पाच मिनिटांचा चार्ट उघडून पुन्हा मोजलं तेव्हा बरेच दिवस तोट्याच्या रकान्यात गेले.

उपाय साधा आहे. अशा दिवसासाठी एक पायरी खाली उतरा, डेलीवरून पाच मिनिटांवर. एकाच पाच मिनिटांच्या कँडलमध्येही दोन्ही भाव असतील तर तो दिवस मुकाट्याने तोट्यात धरा.

7. खालची वात लांब असली म्हणजे खरेदीदार आले, आता भाव वर जाणार, असं व्हिडिओत सांगतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. खालची लांब वात सांगते की भाव तिथवर गेला आणि शेवटपर्यंत तिथे टिकला नाही. उद्या काय होणार, हे ती सांगत नाही.

इथे खरे आकडे घेऊ. 4 जून 2024, लोकसभा निकालाचा दिवस. निफ्टीचा आदल्या दिवशीचा क्लोज 23,264 च्या आसपास होता. निकालाच्या दिवशी ओपन सुमारे 23,180, आणि हायसुद्धा तोच. वरच्या बाजूला वातच नाही. म्हणजे दिवसभरात एकदाही निर्देशांक सुरुवातीच्या भावाच्या वर गेला नाही. लो सुमारे 21,281, क्लोज सुमारे 21,885. वजाबाकी करा: लाल बॉडी जवळजवळ 1,295 अंकांची, खालची वात 603 अंकांची.

सहाशे अंकांची वात म्हणजे केवढी लांब! पण बॉडी तिच्या दुप्पट आहे. हॅमर म्हणायला याच्या उलटं लागतं: वात बॉडीच्या निदान दुप्पट, आणि बॉडी कँडलच्या वरच्या टोकाला. त्या दिवशी तळातून सावरून झाल्यावरही निर्देशांक जवळजवळ 6 टक्के खालीच बंद झाला. म्हणून वात एकटी मोजू नका, बॉडीशेजारी ठेवून मोजा.

दुसऱ्या दिवशी निफ्टी 22,620 च्या आसपास बंद झाला, सातशेहून जास्त अंक वर. ‘बघा, वातेने सांगितलंच होतं’ असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ भेटले. सरकार कोणाचं येणार याचा अंदाज स्पष्ट होत होता, त्यावर बाजार वर गेला. वातेने फक्त आदल्या दिवशीच्या भीतीची खोली नोंदवून ठेवली होती.

8. पाच मिनिटांच्या चार्टवर सुंदर हॅमर दिसला, मी घेतलं, आणि कँडल बदलली! चार्ट खराब आहे का?

चार्ट ठीक आहे, कँडल पूर्ण झाली नव्हती. कँडल बंद होईपर्यंत ‘क्लोज’ म्हणजे फक्त आत्ताचा भाव. 10:15 ला सुरू झालेली कँडल 10:18 ला हॅमर दिसू शकते आणि 10:20 ला साधी लांब लाल कँडल. ओपन तेवढा पक्का झालेला असतो. हाय फक्त वाढू शकतो, लो फक्त खाली जाऊ शकतो, आणि क्लोज कुठेही जाऊ शकतो. म्हणून आकार पाहून निर्णय घेणाऱ्याने कँडल बंद होऊ द्यावी. थांबलं की भाव थोडा महाग मिळतो, हे खरं. ती त्या माहितीची किंमत समजा.

9. माझा स्टॉप लॉस उडाला, पण चार्टवर लो तिथपर्यंत गेलेलाच नाही. फसवलं का मला?

आधी तुमचा चार्ट कोणत्या एक्स्चेंजचा आहे ते पाहा. ऑर्डर एनएसईवर आणि चार्ट बीएसईचा, असं पुष्कळदा निघतं. दोन्हीकडचे हाय-लो थोडे वेगळे असतात. तसंच फ्युचरमध्ये सौदा करून चार्ट मूळ शेअरचा पाहणारेही आहेत. आणि मोबाइलवरच्या चार्टपर्यंत प्रत्येक सौदा पोहोचतोच असं नाही, त्यामुळे एखादा क्षणिक भाव सुटू शकतो. शंका राहिली तर ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरची सौद्याची वेळ आणि भाव घेऊन तपासा.

उलटा प्रश्नही येतो: ‘हाय 512 दिसतोय, माझी विकायची ऑर्डर 512 लाच होती, मग विकलं का नाही?’ कारण रांग. त्याच भावाला तुमच्या आधी ऑर्डर लावलेल्यांचा माल आधी जातो. 512 ला मोजकेच शेअर फिरले आणि भाव परतला, तर तुमचा नंबर लागला नाही. वातेचं टोक म्हणजे तिथे किमान एक सौदा झाला, एवढंच. तो दहा शेअरचाही असू शकतो.

10. माझी सातपूरला पहिली पाळी असते, तीनला सुटतो. मी कोणत्या वेळेची कँडल पाहू?

डेली. कारखान्यात मशीनवर उभं राहून पाच मिनिटांच्या कँडल पाहणं धोक्याचं, दोन्ही अर्थांनी. बाजार 9:15 ते 3:30, म्हणजे 375 मिनिटं, पाच मिनिटांच्या 75 कँडल. त्यातल्या बहुतेक तुमच्या पाळीतच जातात. संध्याकाळी अधिकृत क्लोज आल्यावर (प्रश्न 4) डेली कँडल निवांत वाचा आणि दुसऱ्या दिवसासाठी ऑर्डर लिमिट भावानेच लावा. मार्केट ऑर्डर लावून ठेवली तर सकाळी जो ओपन निघेल तो पदरात पडेल (प्रश्न 3).

एक बारकावा: तासाच्या चार्टवर दिवसाची शेवटची कँडल 3:15 ला सुरू होते आणि पंधरा मिनिटांतच संपते. ती छोटी दिसली म्हणून ‘बाजार थंडावला’ असा अर्थ काढू नका.

11. एका शेअरची कँडल म्हणजे नुसती आडवी रेघ आहे. ओपन, हाय, लो, क्लोज सगळे एकच!

बहुधा सर्किट. शेअर सकाळीच वरच्या किंवा खालच्या मर्यादेला लागला आणि दिवसभर तिथेच अडकला. कालच्या क्लोजपेक्षा वर असेल तर विकणारे जवळजवळ नाहीत, खाली असेल तर घेणारे नाहीत. खालच्या सर्किटमध्ये स्टॉप लॉसही कामाला येत नाही, कारण विकायला समोर कोणी उभंच नसतं. दुसरं कारण म्हणजे दिवसभरात एक-दोनच सौदे झाले. व्हॉल्यूम पाहिला की दोन्हींतला फरक लगेच कळतो.

डोजी वेगळा. त्यात ओपन आणि क्लोज सारखे असतात, पण वाती असतात, म्हणजे दिवसभर ओढाताण झालेली असते.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताचं सत्र साधारण तासाभराचं असतं, आणि त्याचीही एक पूर्ण डेली कँडल मोजली जाते. ती किरकोळ दिसते, आणि अर्थही तितपतच लावावा.

12. मागच्या वर्षी मी 1,200 ला घेतलेला शेअर चार्टवर तेव्हा 600 ला दिसतोय.

मधे एकास एक बोनस किंवा शेअरचं विभाजन झालं असेल. बहुतेक चार्ट जुने चारही भाव त्या प्रमाणात कमी करून दाखवतात, नाहीतर त्या दिवशी निम्म्याने कोसळल्याची खोटी कँडल दिसली असती. वहीत मात्र तुमचा खरा भाव आणि शेअरची संख्या लिहून ठेवा.

13. माझ्या चार्टवर सलग हिरव्या, गुळगुळीत कँडल येतात, पण भाव बाजाराशी जुळतच नाही.

चार्टचा प्रकार पाहा, हाइकिन आशी निवडलेलं असणार. त्यात क्लोज म्हणजे ओपन, हाय, लो, क्लोज या चारांची सरासरी, आणि ओपन म्हणजे मागच्या कँडलच्या बॉडीचा मध्य. दिशा डोळ्याला स्वच्छ दिसावी म्हणून ते बनवलेलं आहे, पण त्यावरच्या ओपन-क्लोजला प्रत्यक्ष सौदा झालेला असतोच असं नाही.

मी स्वतः सुरुवातीला दीड महिना हाच चार्ट साधा समजून वापरला. गॅप कधीच कसे दिसत नाहीत, याचं कौतुक वाटायचं. स्टॉप लॉस त्यावरच्या लोखाली लावायचो आणि तो ठरवल्यापेक्षा भलत्याच वेळी उडायचा. शेवटी एका रविवारी शेजारी बसलेल्याच्या फोनवर तोच शेअर, तोच दिवस पाहिला. त्याच्याकडे मोठा गॅप होता, माझ्याकडे नव्हता. तेव्हा कुठे मी सेटिंग उघडलं.